ऊस 210 लिटर आणि गहू 1827 लिटर? मग पाणी नेमकं पितं कोण?

मार्कंडेय_काठ (धागाकर्ता)
मंडळी, पुतणीला कॉलेजात प्रकल्प दिलाय, पिकांचा पाणी-ठसा आणि आभासी पाणी. तिनं जागतिक सरासरीचे आकडे आणलेत. एक किलो गव्हाला 1827 लिटर, भाताला 1673, उसाला फक्त 210. तिचा प्रश्न सरळ आहे. उसाला एवढंसंच पाणी लागत असेल तर अथणी-रायबागच्या उसाला सगळे शिव्या का घालतात? मला उत्तर देता येईना. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या हिशेबात हे कुणी मांडून दाखवेल का? खानापूरचं भात, इकडचा गहू आणि कृष्णाकाठचा ऊस, एवढं तीनच घ्या.

गोवावेस
उत्तर सोपं आहे. खरा गुन्हेगार भात. एक किलो तांदळाला 5000 लिटर पाणी जातं, हे मी स्वतः वाचलंय. खानापुरात भात बंद करून तिथं कडधान्य लावलं तर मलप्रभेचा प्रश्नच मिटेल. उसाला उगाच बदनाम केलंय, आकडा तुमच्यासमोरच आहे.

निपाणीकर_दादा
उसात सत्तर टक्के पाणीच असतं की ओ. ते सगळं रसातून कारखान्यात जातं आणि तिथं वाफ होऊन उडतं. मग आभासी कसलं, डोळ्यांनी दिसतंय. ते पाणी पकडून परत शेताला दिलं तर?

पेरा_ते_मळणी
दादा, प्रश्न पिकाच्या पोटातल्या पाण्याचा नाही. एकरी 40 टन ऊस धरला तर त्यात पाणी भरतं 28 हजार लिटर. तो ऊस वाढताना पानांतून आणि जमिनीतून जे पाणी हवेत गेलं ते पासष्ट लाख लिटरच्या आसपास. पोटातलं पाणी त्याच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. आपण बोलतोय त्या पासष्ट लाखांबद्दल. माल गाडीत भरून गेला की ते पाणी त्याच्याबरोबर हिशेबात जातं, म्हणून त्याला आभासी म्हणतात.

आता मांडणी करतो. धारवाडला शेतकी शिकलो, नंतर बरीच वर्षं याच कामात काढली, त्यामुळं आकडे जरा आपल्या मातीतले धरतो. एकच गोष्ट ध्यानात ठेवा. एका एकरावर 1 मिमी पाणी म्हणजे 4047 लिटर. पीक हंगामभर किती मिमी पाणी हवेत सोडतं हे बाष्पीभवन-पात्राच्या रोजच्या नोंदी आणि पिकाची अवस्था यांवरून काढतात. त्या मिमीला 4047 नं गुणायचं आणि एकरी उत्पन्नानं भागायचं. एवढंच गणित आहे.

सुरू हंगामाचा बारा महिन्यांचा ऊस, अथणी-रायबाग पट्टा. हंगामभरात 1600 मिमी धरू. एकरी 64.75 लाख लिटर. उत्पन्न 40 टन. म्हणजे किलोला 162 लिटर.

गहू, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बागायत. 400 मिमी. एकरी 16.2 लाख लिटर. उत्पन्न 12 क्विंटल. किलोला सुमारे 1350 लिटर.

खानापूरचं पावसाळी भात. हवा दमट, ऊन कमी, म्हणून 550 मिमी पुरे. एकरी 22.3 लाख लिटर. भात 18 क्विंटल. किलोला सुमारे 1240 लिटर.

पुतणीच्या जागतिक आकड्यांशी हे फार फटकून नाही. पण आता बघा कुठं फसगत होते. गव्हाचा किलो आपण थेट गिरणीत नेतो. भाताच्या किलोचा तांदूळ साडेसहाशे ग्रॅम निघतो, म्हणजे तांदळाला 1900 लिटर पडले. आणि उसाचा किलो कुणी ताटात घेत नाही. 11 टक्के रिकव्हरी धरली तर किलोभर साखरेला नऊ किलो ऊस लागतो. 162 भागिले 0.11 म्हणजे साखरेला सुमारे 1470 लिटर. 210 चा आकडा लहान दिसतो तो ऊस वजनाला जड आहे म्हणून. त्याचं एकरी पाणी गव्हाच्या चौपट आहे.

मार्कंडेय_काठ
म्हणजे साखर 1470, गहू 1350, तांदूळ 1900. मग गोवावेस म्हणतात तेच बरोबर ठरलं की! तांदूळच पुढं.

गोवावेस
धन्यवाद. माझे 5000 थोडे जास्त असतील, पण मुद्दा तोच.

जांबोटीची_सून
एक मिनिट. आमच्या भाताला कुणी पाणी पाजतं असं वाटतंय का तुम्हाला? आमच्याकडं कॅनॉल नाही, मोटर नाही. रोहिण्या-मृगाच्या आगेमागे धूळवाफ पेरणी होते, काहीजण जुलैत रोप लावतात, पुढं सगळं पावसावर. आणि पाऊस असा की बांध फोडून पाणी बाहेर सोडायची वेळ येते. ऑक्टोबरात ताण पडला तर नाल्याचं पाणी एखाद्या वेळी देतो, तेही सगळ्यांना मिळत नाही. आम्ही भात बंद केलं तर ते पाणी तुमच्या अथणीला जाणार आहे काय?

पेरा_ते_मळणी
ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. हिशेबाचा पहिला भाग मी मुद्दाम अर्धाच सोडला होता.

आर्येन हुक्स्त्रा यांनी 2002 साली पाणी-ठसा मांडला. या मोजणीत पाण्याचे रंग वेगळे धरतात. पावसाचं पाणी मातीत मुरतं आणि पीक तिथूनच उचलतं, ते हिरवं. नदी, कॅनॉल, विहीर, बोअर यांतून उचललेलं ते निळं. एकूण बेरीज सारखी असली तरी भांडण होतं ते निळ्यावर, कारण तेच पाणी दुसऱ्या कुणालाही देता आलं असतं.

आता तोच हिशेब परत. अथणीकडं वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिमी पाऊस. त्यातला उसाच्या खरोखर कामी येतो तो 400 मिमी धरू. उरलेले 1200 मिमी निळे. एकरी 48.5 लाख लिटर. उसाच्या किलोला 121 लिटर, साखरेला सुमारे 1100.

गव्हाला परतीच्या पावसाची ओल 50 मिमी धरली तर निळं 350 मिमी. एकरी 14 लाख लिटर, किलोला 1180.

खानापूरच्या भाताला निळं पाणी शून्य. ताई म्हणतात तसं नाल्याचं एक पाणी 50 मिमी दिलं तर तांदळाच्या किलोला 170 लिटर.

एकूण आकड्यात तांदूळ सर्वांत वर होता, निळ्यात तो तळाला गेला. गोवावेस, तुमचे 5000 लिटर बहुतेक भरलेल्या वाफ्याला बाहेरून दिलेल्या पाण्याचे असणार. चिखलणी केलेल्या वाफ्यातून खूप पाणी खाली झिरपतं, पण ते हवेत जात नाही. ठशात ते धरत नाहीत. ते विहिरीला, नाल्याला लागतं. येळ्ळूर-शहापूर शिवारात भात काढल्यावर त्याच रानात पाणी न देता मसूर येते ती कशावर येते?

गोवावेस
बरं, खानापूर सोडतो. पण मग खानापुरातच ऊस केला तर? तिथं 1800 मिमी पाऊस आहे, उसाला 1600 लागतात. सगळं हिरव्यात बसेल.

जांबोटीची_सून
करतायत की. रोप लावणीला बायका मिळत नाहीत, भाताला दर नाही, वर रानडुकरं. कंटाळून लोक ऊस लावायला लागलेत. पण डिसेंबरनंतर मोटर लावल्याशिवाय ऊस टिकत नाही. नदीला, नाल्याला मोटरी वाढल्यात त्या त्यामुळंच.

पेरा_ते_मळणी
बरोबर. 1800 मिमी पाऊस चार महिन्यांत पडतो आणि त्या ढगाळ चार महिन्यांत ऊस पिऊन पिऊन 400-450 मिमी पितो. बाकीचा वाहून जातो. उरलेल्या आठ महिन्यांचं पाणी कुठून तरी उचलावंच लागतं. त्यामुळं पावसाच्या गावात नेला तरी उसाचा निळा आकडा अर्ध्यावरही येत नाही.

चिकोडीचा_हिशेबनीस
मी शेतकरी नाही, हिशेब लिहिणारा आहे, म्हणून विचारतो. तुमच्याच आकड्यांत गव्हाला निळं 1180 आणि साखरेला 1100. मग ऊस वाईट कसा? मी पुढं जाऊन गणित केलं. एक एकर उसाच्या निळ्या पाण्यात गहू होतो साधारण 3.4 एकर, म्हणजे 41 क्विंटल. क्विंटलला अडीच हजार धरा, एक लाख दोन-अडीच हजार. तेवढ्याच पाण्यात ऊस 40 टन, टनाला 3300 धरा, एक लाख बत्तीस हजार. पाण्याच्या थेंबामागं ऊसच जास्त पैसे देतोय. शिवाय मळी, चिपाड, त्यावरची वीज, इथेनॉल. सगळं पाणी एकट्या साखरेच्या खात्यावर टाकणं म्हणजे म्हशीचा सगळा खर्च दुधावर टाकून शेण फुकट धरण्यासारखं आहे.

पेरा_ते_मळणी
हिशेबनीस, आक्षेप रास्त आहे. किमतीच्या प्रमाणात वाटणी केली तर साखरेच्या वाट्याचं पाणी आणखी खाली येईल, तशी वाटणी करायची पद्धतही आहे. किलोच्या आणि रुपयाच्या तराजूत ऊस हरत नाही, हे मला मान्य.

पण दोन गोष्टी त्या तराजूत दिसत नाहीत. पहिली, महिना. गहू पाणी मागतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा नदीला धार असते आणि ऊन मऊ असतं. भरात असलेला ऊस एप्रिल-मेमध्ये रोज 7 मिमी मागतो, एकरी 28 हजार लिटर, रोज. त्याच वेळी कृष्णा कोरडी पडते, आणि कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकाला महाराष्ट्राकडं मागणी करावी लागते. नोव्हेंबरातला लिटर आणि मेमधला लिटर एकाच भावानं मोजला की गणित सुटतं, पण गाव तहानलेलं राहतं.

दुसरी, रान. तुमच्या 3.4 एकरांत पावसाळ्यात सोयाबीन किंवा मूग निव्वळ पावसावर येऊन गेलेला असतो. ते उत्पन्न तुम्ही धरलंच नाही. उसाच्या रानात ती जागाच नसते.

खोडवा_किंग
साहेब, हे 3.4 एकर कागदावर ठीक. मी कुडचीकडचा. माझ्याकडं रान चार एकर, सगळा ऊस, बोअरवर. पाणी वाचवून मी तिसरं रान कुठून आणू? आणि गहू घेतला तर विकायचा कुणाला? उसाला निदान टोळी येते, काटा होतो, बिल उशिरा का होईना येतं. सोयाबीनचा दर बघितलाय का यंदा?

माझा प्रश्न वेगळा आहे. मी ठिबक केलंय. कंपनीवाला म्हणाला पाणी निम्मं लागतं. मग माझ्या उसाचा ठसा 162 चा 81 झाला का? का नाही?

पेरा_ते_मळणी
नाही झाला. पाटानं पाणी देणारा एकरी 2500 मिमीसुद्धा ओततो. त्यातलं ऊस हवेत सोडतो 1600, बाकीचं खाली झिरपतं. ठिबकनं ते झिरपणं थांबतं, दोन सऱ्यांमधली ओली जमीन कमी होते, म्हणून थोडं बाष्पीभवन वाचतं. पण पान जेवढं वाढलंय तेवढं ते पिणारच. तुमची मोटर निम्मी चालली म्हणजे ठसा निम्मा झाला असं होत नाही.

ठसा उतरतो तो उत्पन्नानं. तेवढ्याच 1600 मिमीत 40 ऐवजी 55 टन निघाले तर 162 चा 118 होतो. ठिबकमधून खत वेळेवर गेलं आणि फुटवा नीट राहिला तर ते जमतं. खोडव्यात उलटं. पाणी जवळपास तेवढंच आणि टन कमी, म्हणून खोडवा सांभाळला नाही तर किलोमागचा आकडा चढतो.

झिरपणं थांबवणं मात्र फुकट नाही. कृष्णाकाठी जादा पाण्यानं किती रानं चोपण झालीत ते तुम्हीच बघताय. जमिनीवर पांढरं फुटलं आणि उसाचा शेंडा पिवळा पडला की ओळखायचं, पाणी कमी नाही, जास्त झालंय.

खोडवा_किंग
मग माझं जास्त होतंय का कमी, हे कळायचं कसं? मोटर तीन फेजची लाईट असेल तोवर चालते, सात तास. ऑटोस्टार्टर आहे, कोण उठून बंद करतंय.

पेरा_ते_मळणी
200 लिटरचं बॅरल घ्या. फिल्टरच्या पुढं पाईप सोडून किती सेकंदांत भरतं ते मोजा. मात्र ठिबकचा दाब असताना मोटर मोकळ्या पाईपपेक्षा कमी पाणी देते, म्हणून व्हॉल्व्ह थोडा आवळून गेजवर नेहमीचा दाब आला की मगच मोजायचं. आकडा इथं टाका.

मार्कंडेय_काठ
तोवर मी पुतणीचा प्रश्न विचारतो. जिल्ह्यातून किती पाणी बाहेर जातं, हे काढता येईल का?

पेरा_ते_मळणी
पूर्ण जिल्ह्याचं काढायला तालुकावार आकडे लागतील, ते तिनं मिळवावेत. मी एक कारखाना धरून दाखवतो. हंगामात 5 लाख टन गाळप करणारा मध्यम कारखाना. टनाला निळं पाणी 1 लाख 21 हजार लिटर. गुणाकार येतो 6050 कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे 2832 कोटी लिटर. म्हणजे एका कारखान्याच्या उसामागं दोन टीएमसीच्या थोडं वर. साखर झाली 55 हजार टन. यातली बहुतेक जिल्ह्याबाहेर जाते.

आता ताडून बघा. 2018 च्या म्हादई लवादाच्या निवाड्यात कळसा-भांडुरातून मलप्रभेत वळवायला मिळालं ते 3.9 टीएमसी. ज्यावर इतकी वर्षं आंदोलनं झाली, तेवढं पाणी असे दोन कारखाने एका हंगामात साखरेच्या पोत्यांतून बाहेर पाठवतात.

टोनी ॲलन यांनी नव्वदच्या दशकात आभासी पाण्याची ही कल्पना मांडली ती मध्यपूर्वेवरून. कोरडे देश गहू आयात करतात, म्हणजे पाणीच आयात करतात, आणि म्हणून तिथं पाण्यासाठी लढाया झाल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आपला अथणी-रायबाग पट्टा कोरडा, आणि तो निर्यात करतो. उलट बेळगावच्या घरांत चपातीचा गहू पंजाब-मध्य प्रदेशातून येतो.

जांबोटीची_सून
कळसा-भांडुराला ही तुलना लावू नका. ते पाणी आमच्या जंगलातून वळवायचंय, आणि ते हुबळी-धारवाडला प्यायला म्हणून मागितलंय. अथणीचा ऊस कृष्णेच्या पाण्यावर. तिकडचा ऊस बंद केला तर मलप्रभेत एक तांब्या वाढणार नाही. उद्या कुणी हा आकडा घेऊन भाषण ठोकेल.

पेरा_ते_मळणी
खोरी वेगळी आहेत, हे बरोबर. मी आकाराचा अंदाज यावा म्हणून लिहिलं, इकडचं पाणी तिकडं जातं असं नाही. तरी मलप्रभेच्या खोऱ्यातही ऊस वाढलाय. तो हिशेब त्याच खोऱ्यात मांडला तर तुलना चुकीची ठरणार नाही, असं माझं मत आहे.

जांबोटीची_सून
तुमचं मत. आमच्याकडं लोक ते वेगळं मोजतात.

चिकोडीचा_हिशेबनीस
आणखी एक. गव्हाचे 12 क्विंटल तुम्ही बागायतीचे धरलेत. खपली धरली तर उत्पन्न कमी येईल, पण दर दुपटीच्या आसपास मिळतो. मग माझं एक लाख दोन हजाराचं गणित मलाच बदलावं लागेल. कुणाकडं खपलीचे एकरी खरे आकडे आहेत का? दुकानातला दर नको, शेतकऱ्याच्या हातात पडलेला सांगा.

निपाणीकर_दादा
माझ्या मेहुण्याकडं आहे खपली, विचारून सांगतो. ते वाफेचं पाणी पकडायचं राहिलंच पण.

पेरा_ते_मळणी
दादा, कारखाने ते पाणी बऱ्यापैकी पकडून आतच वापरतात. शेतात आणलं तरी टनाला पाच-सातशे लिटर. लाख लिटरच्या हिशेबात ते बुडून जातं.

खोडवा_किंग
मोजलं. दाब नेहमीचा ठेवून 32 सेकंद.

पेरा_ते_मळणी
म्हणजे सेकंदाला सव्वासहा लिटर, तासाला 22,500. सात तासांत 1 लाख 57 हजार. चार एकरांत वाटलं तर एकरी 39 हजार, म्हणजे 9.7 मिमी. या उन्हात ऊस भरात असेल तर 7 मिमी लागतं, ठिबकचं नुकसान धरून पावणेआठ. साडेपाच तास, फार तर पावणेसहा तास पुरे. रोजचा सव्वा-दीड तास तुम्ही जमिनीखाली घालवताय. आणि हे फक्त एप्रिल-मेचं. जूनला पाऊस लागला की पहिला आठवडाभर मोटर बंदच ठेवा, तोच सगळ्यांत मोठा फरक पडतो.

खोडवा_किंग
तासभर बंद ठेवली तर शेजाऱ्याचा बोअर वढतो ओ. त्याची मोटर माझ्यापेक्षा मोठी, आणि पाणी तर एकाच झऱ्याचं. मी वाचवायचं आणि त्यानं पाटानं ओतायचं?

गोवावेस
हा प्रश्न मात्र लिटरमध्ये सुटायचा नाही.

मार्कंडेय_काठ
पुतणी म्हणते, तक्त्यात ती आता चार रकाने करणार. किलोमागं एकूण, किलोमागं निळं, एकरी निळं, आणि मे महिन्यातलं रोजचं. शेवटच्या रकान्यात गहू आणि भात दोन्हींसमोर शून्य येतं, ते तसंच लिहू का?

पेरा_ते_मळणी
लिही म्हणावं. फक्त खाली टीप द्यायला सांग की भात खानापूरचं पावसाळी धरलंय. धरणाखाली उन्हाळी भात घेणारेही आहेत, त्यांच्यासमोर शून्य येणार नाही. तिथं आपला सगळा क्रम पुन्हा मांडावा लागेल.

निपाणीकर_दादा
मेहुणा म्हणतो, खपली गेल्या साली एकरी आठ क्विंटल आली. दराचं विचारलं तर म्हणतो, अर्धी पाहुण्यांतच गेली.